घसरण टक्क्यांत नको, रुपयांत सांग

"बाजार किती पडला तर तुझी झोप उडेल?" असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तीस टक्के." वर हसत हसत, "तीस टक्क्यांपर्यंत मी हलणार नाही." त्याने मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पाच लाख."

मग वहीवर हिशेब मांडला. त्या वेळी आमचे इक्विटी फंड आणि शेअर्स मिळून वीस लाख होते. त्याचे तीस टक्के म्हणजे सहा लाख. तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, "सहा लाख म्हणजे आपलं दीड वर्षाचं भाडं गं." टक्के ऐकताना माणूस शूर असतो. आकड्यामागे रुपये लागले की घरभाडं, आईचं ऑपरेशन, गावच्या घराचं छप्पर असं सगळं डोळ्यांपुढे येतं. गुंतवणुकीचं लेखी धोरण करायला बसणाऱ्या जोडप्याने पहिला प्रश्न हाच विचारावा, दोघांनी वेगवेगळ्या कागदावर उत्तर लिहावं आणि उत्तर रुपयांत द्यावं, असं माझं ठाम मत झालंय. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही, कारण पैशाचं बघणारा एकच असतो. दुसऱ्याची झोप कधी उडते ते बाजार पडल्यावरच कळतं.

आम्ही दोघं तिशीच्या मध्यावर आहोत. मुलुंड पूर्वेला भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. दोघांच्याही नोकऱ्या आहेत. घरखर्च भाड्यासकट महिना पंच्याऐंशी हजार, आणि हातात पडणाऱ्या पगारातून साधारण एक लाख बाजूला पडतात. हे आकडे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा हिशेब यांच्यावरच उभा आहे. तुमचे आकडे वेगळे असतील. रीत तीच राहील.

आमचं धोरण दोन पानांचं आहे. त्यात कुठल्याही फंडाचं नाव नाही, आणि ते आम्ही जाणूनबुजून टाळलंय. फंडाचं नाव लिहिलं की दर दिवाळीला "तो दुसरा बरा चाललाय" अशी चर्चा सुरू होते. त्याऐवजी कागदावर आहे ते असं: पैसा कशासाठी आणि कधीपर्यंत लागणार, त्यातला किती कुठल्या प्रकारात ठेवायचा, काय करायचं नाही, आणि हे सगळं पुन्हा कधी बघायचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो घरावर. मुंबईतल्या कुठल्याही मराठी जोडप्याच्या कागदावर पहिलं उद्दिष्ट स्वतःचं घर हेच असणार, त्यात काही नवल नाही. पण 'घर घ्यायचं' हे उद्दिष्ट होत नाही, ती इच्छा झाली. रक्कम आणि तारीख लागली की तिचं उद्दिष्ट होतं. तारीख आम्ही ठरवली चार वर्षांनंतरची. रक्कम काढायला बसलो तेव्हा नवरा म्हणाला, "एक कोटी वीस लाखांचा फ्लॅट, वीस टक्के आपले, म्हणजे चोवीस लाख." बहुतेक लोक इथेच थांबतात.

पण पंच्याहत्तर लाखांच्या वरच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त नव्वद लाख आणि आपले तीस लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत, ते खिशातून. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासकट सहा टक्के, म्हणजे सात लाख वीस हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे, पण आम्हाला दोघांची नावं हवी होती, त्यामुळे ती गेली. नोंदणी फी तीस हजार. इथवर साडेसदतीस लाख झाले. दलालाचा एक टक्का, सोसायटीचं हस्तांतर शुल्क, रंग, ग्रिल, सामान हलवणं धरून चाळीस. हे ओसी, म्हणजे राहायची परवानगी मिळालेल्या घराचं झालं. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घ्यायचं तर वर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सहा लाख. तेव्हा चोवीस लाखांची तयारी करणारा माणूस टोकन द्यायला गेला की सोळा लाख कमी पडतात, आणि ते पर्सनल लोन किंवा सासऱ्यांची एफडी मोडून उभे राहतात. धोरणाच्या कागदावर आम्ही लिहिलं: घर, चाळीस लाख, चार वर्षं.

आता हे चाळीस लाख ठेवायचे कुठे, यावर आमचं खरं वाजलं. घरासाठी हाताशी सहा लाख होते आणि महिना साठ हजार त्यात टाकता येत होते. नवऱ्याचं म्हणणं, इक्विटी फंडात एसआयपी लावू, बारा टक्क्यांनी चार वर्षांत शेहेचाळीस लाख होतील. हिशेब बरोबर आहे. मी एफडी, आरडीसारख्या सुरक्षित जागी, कर कापून हातात पाच टक्के पडतील असं धरून मांडलं. एकोणचाळीस लाख आले. एखादा बोनस धरला की चाळीस.

"बघ, सात लाखांचा फरक आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, मग आता उलट बाजूही मांड. १४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२ वर बंद झाला होता, आणि २३ मार्चला ७,६१० वर. दहा आठवडेही झाले नव्हते आणि ३८ टक्के गेले. आपले शेहेचाळीस लाख झालेले असताना चौथ्या वर्षाच्या शेवटी असं झालं तर उरतात साडेअठ्ठावीस. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर सात लाख जास्त, आणि नेमक्या वेळी बिनसलं तर एफडीच्या मानाने साडेदहा लाख कमी.

तो म्हणाला, "पण २०२० मध्ये नोव्हेंबरपर्यंत बाजार परत वर आला होता. आठ महिने थांबलो असतो." तेही खरंच आहे. पण २००८ च्या जानेवारीत निफ्टी ज्या पातळीला होता, तिथे तो परत पोचला २०१० च्या नोव्हेंबरात. जवळजवळ तीन वर्षं. तीन वर्षं घर लांबलं तर तेवढं भाडं भरायचं, आणि तोवर घराची किंमत काय होईल ते कोण सांगणार? शिवाय अशा वेळी नोकऱ्यांवरही टांगती तलवार असते. पैसा कमी पडतो, पगाराची खात्री नसते आणि बँक कर्जाला हात आखडता घेते, हे सगळं एकदम येतं. माझी आकडेमोड बाराऐवजी दहा टक्क्यांची असती किंवा घसरण पंचवीस टक्क्यांची धरली असती तर फरक बदलला असता, पण प्रश्न तोच राहिला असता: जे सात लाख मिळाले नाहीत तरी आपलं घर अडत नाही, त्यांच्यासाठी घरच अडेल असा धोका का घ्यायचा?

तेव्हा कलम असं ठरलं: ज्या पैशाला पाच वर्षांच्या आतली तारीख आहे, तो इक्विटीत जाणार नाही. एक रुपयाही नाही. घराची किंमत दर आढाव्याला नव्याने विचारायची आणि चाळीसचा आकडा त्याप्रमाणे बदलायचा. कर्जाचा हप्ताही त्याच पानावर आहे. नव्वद लाखांना साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी महिना अठ्ठ्याहत्तर हजार होतो. आजचं भाडं बत्तीस आणि घरासाठीची बचत साठ मिळून ब्याण्णव होतात, म्हणून तो झेपतो. झेपला नसता तर चाळीस लाख जमवूनही उपयोग नव्हता.

घराखेरीज अडीअडचणीचे पाच लाख वेगळे, सहा महिन्यांच्या खर्चाचे. त्यातले निम्मे बचत खात्याला जोडलेल्या एफडीत, निम्मे लिक्विड फंडात. त्यावर अजून काही लिहिण्यासारखं नाही.

उरला तो लांबचा पैसा, निवृत्तीचा. त्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. आमचा समज असा की आपण भरपूर इक्विटीत आहोत, कारण फोनवर रोज दिसतात ते फंडच. प्रॉव्हिडंट फंड कोण रोज उघडून बघतं? पण एका कागदावर सगळं लिहिल्यावर चित्र असं निघालं: दोघांचा मिळून पीएफ चौदा लाख, माझं पीपीएफ पाच लाख, इक्विटी फंड सतरा, नवऱ्याचे शेअर्स तीन, सोन्याचा ईटीएफ दोन. एकूण एक्केचाळीस. त्यात इक्विटी वीस, म्हणजे ४९ टक्के. पीएफ आणि पीपीएफ मिळून ४६ टक्के. जी रक्कम आपण बघतच नाही, तीच निम्म्याच्या आसपास आहे. पीएफ हा कर्जरोख्यांच्या बाजूचा, म्हणजे व्याजावर वाढणारा पैसा आहे. २०२४–२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं, पीपीएफचा दर २०२० च्या एप्रिलपासून ७.१ आहे. तो मोजलाच नाही तर इक्विटीचं प्रमाण काढायचं कशातून?

अंगावरचे दागिने मात्र या हिशेबात धरायचे नाहीत, असं वेगळं वाक्य लिहिलंय. मंगळसूत्र आणि आईने दिलेल्या पाटल्या मी विकणार नाही हे आम्हा दोघांना माहीत आहे. जे विकायचं नाही त्याचे टक्के काढून काय करायचं?

प्रमाण ठरवताना परत तोच झोपेचा प्रश्न आला. त्याला ७० टक्के इक्विटी हवी होती, मला ४५. एक्केचाळीस लाखांचे ७० टक्के म्हणजे पावणेएकोणतीस लाख. २०२० सारखी घसरण झाली तर अकरा लाखांचं नुकसान कागदावर दिसणार. माझी मर्यादा पाच लाखांची. मी थोडी सरकले, कारण हा पैसा वीस-पंचवीस वर्षं लागणार नाही आणि आमची दरवर्षीची नवी भर पाच लाखांच्या आसपास आहे. तो बराच सरकला. इक्विटी ५५, कर्जरोख्यांची बाजू ४०, सोनं ५ असं ठरलं. ३८ टक्के घसरणीत साडेआठ लाख जातील. तो आकडा मी मान्य केलाय आणि त्याच्यापुढे सही केलीय. जोडप्यात ज्याची मर्यादा कमी त्याच्या बाजूला झुकावं, कारण पहाटे तीनला उठून "काढून टाक सगळं" म्हणणारा तोच असणार.

मग वरखाली किती होऊ द्यायचं ते. इक्विटी ५० ते ६० च्या मध्ये असेल तर काहीही करायचं नाही. बाहेर गेली तर परत ५५ वर आणायची. पुस्तकात हे असंच लिहिलेलं असतं आणि वाचायला फार सोपं वाटतं. सही करण्याआधी मी म्हटलं, आधी खोटी खोटी घसरण करून बघू.

समजा पुढे कधीतरी लांबचा पैसा पन्नास लाख झाला आणि प्रमाण अगदी ठरल्याप्रमाणे आहे: इक्विटी साडेसत्तावीस, कर्जरोखे वीस, सोनं अडीच. बाजार ३५ टक्के पडला. इक्विटी उरली सतरा लाख ऐंशी-नव्वद हजार, एकूण चाळीस लाखांच्या जरा वर, आणि इक्विटीचं प्रमाण ४४ टक्के. ५० च्या खाली गेलं, म्हणजे कलम लागू. परत ५५ वर आणायला कर्जरोख्यांतून सव्वाचार-साडेचार लाख काढून इक्विटीत टाकायचे.

कुठून काढायचे? वीस लाखांतले जवळजवळ सगळे पीएफ आणि पीपीएफमध्ये. चालू नोकरीत पीएफमधून पैसे काढायला मर्यादा असतात, आणि काढलेले साठवणीतून कायमचे जातात. पीपीएफ पंधरा वर्षांचं, मधे काढायला बंधनं. कागदावर ४० टक्के होते, पण हलवता येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. आणि अशा वेळी हात जातो तो घराच्या पैशाकडे किंवा अडीअडचणीच्या पाच लाखांकडे, कारण तेच तेवढे मोकळे दिसतात. नोकरदार माणसाच्या धोरणात हा दोष सर्रास असतो आणि बाजार तेजीत असताना तो दिसत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: आपल्या कर्जरोख्यांच्या बाजूची यादी करा आणि प्रत्येकापुढे 'आठवड्यात हातात येईल का' ते लिहा. सगळीकडे 'नाही' आलं तर समतोलाचं कलम नुसतं शोभेचं आहे.

आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, लांबच्या पैशासाठी महिना चाळीस हजार जातात, ते नवे पैसेच समतोलाचं पहिलं साधन म्हणून लिहिलं. घसरणीनंतर सगळे चाळीस हजार इक्विटीत गेले तर सव्वाचार लाख टाकायलाच अकरा महिने लागतात, आणि नव्या पैशाने एकूण रक्कमही वाढत असल्याने ५५ गाठायला त्याहून बराच जास्त काळ. हळू आहे, पण एकाच दिवशी चार लाख टाकताना हात थरथरतो, तो प्रश्न आपोआप सुटतो. दुसरं, नवरा स्वेच्छेने पीएफमध्ये दहा हजार जास्तीचे भरत होता, ते नव्या आर्थिक वर्षापासून बंद करून अल्पमुदतीच्या कर्जरोखे फंडात वळवले. त्यात पीएफपेक्षा व्याज कमी, आणि २०२३ च्या एप्रिलनंतर घेतलेल्या अशा फंडाच्या नफ्यावर आपल्या कराच्या टप्प्याप्रमाणे कर. त्याला ते पटेना. "सव्वाआठ टक्के सोडून सात घ्यायचे?" पण तीन वर्षांत साडेतीन लाखांच्या वर हलवता येण्यासारखी रक्कम तयार होते, आणि त्या मोकळेपणाची किंमत म्हणून एखादा टक्का कमी मिळणं मला परवडणारं वाटलं. जास्त मोकळी रक्कम नको, हे त्याचं म्हणणंही लिहून ठेवलंय: लांबच्या पैशाच्या १० टक्क्यांपर्यंतच.

वरच्या बाजूचीही चाचणी केली. त्याच पन्नास लाखांत इक्विटी ४० टक्के वाढली तर साडेसत्तावीसचे साडेअडतीस होतात, एकूण एकसष्ट, प्रमाण ६३. आता पाच लाखांची इक्विटी विकायची. इथे लोक कराच्या नावाने अडतात. वर्षाहून जुन्या इक्विटी युनिटच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे, पण दर आर्थिक वर्षात प्रत्येकी सव्वा लाखाच्या नफ्यापर्यंत तो लागत नाही. पाच लाखांच्या विक्रीत समजा दोन लाख नफा असेल, तर निम्मी विक्री त्याच्या नावाची, निम्मी माझ्या. प्रत्येकी एक लाख नफा, कर शून्य. हे जमायला युनिट दोघांच्या वेगवेगळ्या नावावर आणि आपापल्या कमाईतून घेतलेली हवीत. नवऱ्याने बायकोला पैसे देऊन तिच्या नावावर गुंतवले तर त्यावरचं उत्पन्न त्याच्याच खात्यात धरलं जातं. आमच्या ओळखीत सगळं एकाच्याच नावावर ठेवणारी घरं पुष्कळ आहेत, आणि दुसऱ्याचे सव्वा लाख दरवर्षी वाया जातात.

एक गंमत झाली. सही केली त्याच दिवशी आमचं प्रमाण ४९, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर. त्यासाठी घाईने काही विकलं-घेतलं नाही. चाळीस हजार सगळे इक्विटीत आणि पगारातून पीएफला जाणारे पंचवीस एक हजार आपोआप कर्जरोख्यांत, अशा ओघाला बाजार चढल्याची साथ मिळाली तर वर्षभरात प्रमाण पन्नाशी ओलांडू शकतं.

मर्यादांच्या पानावर नवऱ्याला सगळ्यात टोचलेली ओळ आहे: फ्युचर्स-ऑप्शन्स शून्य. तो काही खेळणारा नाही, पण त्याच्या लोकलच्या ग्रुपमध्ये ठाण्याहून चढणारे दोघं रोज सकाळी दादरपर्यंत तेच बोलतात. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत दर शंभरातल्या त्र्याण्णव वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांचं नुकसान झालेलं आढळलं. मी तो कागद त्याच्यासमोर ठेवला आणि वाद संपला. सुटे शेअर्स मिळून लांबच्या पैशाच्या १० टक्क्यांच्या आत, आणि एकाच कंपनीत ५ टक्क्यांहून जास्त नाही. ज्या कंपनीत आपण नोकरी करतो तिचे शेअर्स मिळाले तर हीच मर्यादा, कारण पगार आणि बचत एकाच दिवशी बुडायला नको.

या पानावरची माझी आवडती ओळ मात्र बाजाराशी संबंधित नाही. नातेवाइकांना उसने द्यायची वर्षाची रक्कम आम्ही ठरवली आहे. दोघांनाही माहीत असल्याशिवाय द्यायचे नाहीत, आणि दिलेले परत येणार नाहीत असं धरूनच द्यायचे. रक्कम सांगत नाही, कारण हे आमच्या दोन्ही घरचे वाचतील. पण मराठी घरात जेवढे पैसे शेअर बाजारात बुडाले नसतील तेवढे 'दादा, पुढच्या महिन्यात देतो'मध्ये बुडालेत, असा माझा अंदाज आहे. आधी ठरवलेलं असलं की नाही म्हणताना वाईटपणा कागदाच्या माथी मारता येतो. सासूबाईंना हे कलम ऐकून बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "यंदाचे संपले का गं?"

ठरलेल्या चौकटीबाहेरची पन्नास हजारांवरची कुठलीही गोष्ट, आयपीओ असो की कोणाच्या हॉटेलात भागीदारी, तिला आठ दिवस थांबायचं आणि दोघांनी होकार द्यायचा. आठ दिवसांत बहुतेक आयपीओची मुदतच संपते, हे नवऱ्याने लगेच दाखवून दिलं. मी म्हटलं, मला कल्पना आहे.

आढाव्याच्या तारखा ठरवताना त्याचं पहिलं म्हणणं, पाडव्याला करू. पाडव्याला आमच्याकडे श्रीखंड आणि बारा माणसं असतात, टक्के काढायला कोण बसणार? शिवाय पाडवा एप्रिलमध्ये आला तर आर्थिक वर्ष बदलून गेलेलं असतं आणि मागच्या वर्षाची सव्वा लाखाची सवलत उरली असेल तर ती हातची जाते. म्हणून मार्चचा पहिला रविवार. विकायचं असलं तर एकतीस तारखेच्या आत निम्मं विकता येतं आणि उरलेलं एप्रिलमध्ये, नव्या वर्षाच्या सवलतीत. दुसरी तारीख सप्टेंबरचा शेवटचा रविवार. तो कधीकधी पितृपक्षात येतो आणि सासूबाईंचा आक्षेप असा की त्या दिवसांत पैशाचं नवीन काही करू नये. आम्ही त्यांना सांगितलं, आढाव्यात बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. दोन्ही रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असण्याची शक्यता दांडगी, त्यामुळे बाहेर जायचं निमित्तही नसतं.

आढाव्याला बघायचं काय, तर चार आकडे: अडीअडचणीचे पाच लाख शाबूत आहेत का, घराचे किती जमले आणि किती व्हायला हवे होते, लांबच्या पैशात इक्विटीचं प्रमाण किती, आणि पन्नास हजारांच्या वरचं काही चौकटीबाहेर झालं का. कुठल्या फंडाने किती दिले हे शेवटी, आणि तेही वर्षातून एकदाच. मूल, नोकरी जाणं, आईवडिलांचं आजारपण, वारशाने काही मिळणं, यामुळे धोरण बदलता येतं. बाजारामुळे नाही. बदलाची मागणी कोणीही लिहून ठेवू शकतो, पण ती पुढच्या आढाव्यालाच उघडायची. धोरण बिघडलंय हे कसं ओळखावं? बदलांच्या तारखा बघायच्या. त्या बाजाराच्या मोठ्या चढउताराच्या मागोमाग येत असतील, तर घरात धोरण नाही, रोजचा मूड चालतोय.

गेल्या मार्चचा आढावा पाऊण तासात झाला. इक्विटी ५१, घराचे पैसे ठरल्यापेक्षा वीस हजारांनी मागे, कारण फ्रीज गेला होता. काही करायचं नव्हतं. सोन्याचा भाव चढत गेल्यावर नवऱ्याने मागण्यांच्या रकान्यात लिहिलंय: सोनं ५ चं १० करावं. त्याच्याखाली मी पेन्सिलीने लिहिलंय: हेच तू दोन वर्षांपूर्वी का लिहिलं नाहीस? आता सप्टेंबरात बघू.